मदत हवी आहे: भाचीच्या मराठी एसओपीचं इंग्रजी करताना तिचा आवाज कसा टिकवायचा?

नमस्कार मंडळी. भाची सिव्हिल इंजिनिअर आहे, नेदरलँड्सला भूजलाच्या मास्टर्ससाठी अर्ज करतेय. अर्जासोबत एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचा ते सांगणारा लेख, द्यायचाय; मर्यादा ५०० शब्दांची. तिने मराठीत लिहिलेला मसुदा छान आहे: दोरीला दगड बांधून ती घरच्या विहिरीची पातळी मोजायची, आणि शेजारचा बोअर रात्रभर चालला की सकाळी पाणी किती उतरलं ते कोळशाने भिंतीवर लिहायची. वाक्यं छोटी, थेट.

एका ओळखीच्यांनी इंग्रजी करून दिलं. त्यात दोरी, कोळसा सगळं गायब, आणि सुरुवातच ‘लहानपणापासून मला पाण्याची प्रचंड आवड आहे’ अशी! हे कुणाच्याही अर्जात चालेल.

आता मीच बसलोय. विहिरीला शंभरेक शब्द देऊन तिथून थेट तिच्या पंपिंग टेस्टच्या, म्हणजे पाणी उपसून पातळी कशी उतरते ते मोजण्याच्या, प्रोजेक्टवर जावं म्हणतो. अडचण अशी की प्रोजेक्टभर तिने ‘आम्ही’ लिहिलंय. गटात चौघं होते. रीडिंग घेणं आणि आलेख काढणं हिचं काम. तेवढ्यापुरतं ‘मी’ करायला सांगितलं तर म्हणते, ‘मामा, फुशारकी वाटते.’

प्रवेश समितीचं काम जवळून पाहिलेलं कुणी आहे का? विहिरीला एवढी जागा जास्त होईल का? आणि छोटी वाक्यं तशीच ठेवली तर इंग्रजी कच्चं वाटेल का?