जहाजे मुद्दाम हळू चालवून खरंच इंधन वाचतं का?

शिवारातला: आमची द्राक्षं न्हावाशेव्याहून रॉटरडॅमला जातात. एजंट म्हणतो, इंधन वाचवायला जहाज हळू चाललंय. मला हा हिशेब पटत नाही. वेग पाऊणपट केला की दिवस एक तृतीयांशाने वाढले, इंजिनही तेवढे दिवस जास्त चाललं. मग वाचलं काय? माझं मत विचाराल तर माल कमी म्हणून जहाजं रेंगाळत नेतात आणि नाव इंधनाचं पुढे करतात.

डोलकाठी: एकोणीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली, त्यामुळे गप्प बसवत नाही. रोजचं जळण तेवढंच राहील असं तुम्ही धरलंत, गफलत तिथे आहे. पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो विरोध त्या वेगाने ढकलायचा तर ताकद घनाने लागते.

७,२०० सागरी मैलांची खेप घ्या. २० नॉटला, म्हणजे तासाला २० सागरी मैल वेगाने, १५ दिवस. मुख्य इंजिन रोज १२० टन खातं असं समजू, म्हणजे १,८०० टन. १५ नॉटला २० दिवस लागतील, पण पाऊणचा घन ०.४२, म्हणून रोजचं जळण ५० टनांच्या आसपास येतं. खेपेला साधारण १,०१० टन. पाच दिवस जास्त चालूनही जवळजवळ ८०० टन टाकीत शिल्लक.

उडाणटप्पू: म्हणजे वेग निम्मा, इंधन आठवा हिस्सा! मग सगळ्यांना १० नॉटची सक्तीच करा ना. माझी बाईकसुद्धा ४५ला सगळ्यात जास्त अॅव्हरेज देते.

डोलकाठी: आठवा हिस्सा रोजचा. दिवस दुप्पट झाले, म्हणून खेपेला पाव हिस्सा. आणि बाईक २०ने चालवून बघा, अॅव्हरेज पुन्हा पडेल. जहाजावर जनरेटर असतात, त्यांना वेगाशी देणंघेणं नाही. द्राक्षं थंड ठेवणारे रीफर कंटेनर त्यांच्याच विजेवर चालतात. रोजचे १० टन त्यांचे धरा, म्हणजे वरचे आकडे १,९५० आणि १,२१० होतात.

शिवाय इंजिन मोठ्या भारासाठी बनलेलं. १२ नॉटला त्यावर पूर्वीच्या पाचव्या हिश्श्याएवढाच भार राहतो. टर्बोचार्जरकडून पुरेशी हवा मिळत नाही, ब्लोअर सतत चालू ठेवावे लागतात, धुराड्यातल्या बॉयलरच्या नळ्यांवर काजळी बसते. ती पेटली तर काय होतं ते एकदा पाहिलंय. म्हणून अधूनमधून काही तास मुद्दाम वेग वाढवून काजळी उडवायची.

भाडेचिठ्ठी: मी जहाजं भाड्याने लावतो, तेव्हा पैशांचं बोलतो. इंधन टनाला ६०० डॉलर आणि जहाजाचं भाडं दिवसाला ३०,००० डॉलर धरा. २०वरून १५ नॉटवर आलात तर वाढलेल्या पाच दिवसांत ७४० टन वाचले, म्हणजे वाढीव दिवसामागे जवळपास ८९,००० डॉलर. बिनदिक्कत हळू चला. १५वरून १२वर आलात तर आणखी पाच दिवस, पण वाचले फक्त ३१० टन, म्हणजे दिवसाला ३७,०००. जेमतेम. १२वरून १० केलंत तर दिवसाला १८,००० मिळतात आणि भाडं ३०,००० जातं. सक्तीचा हिशेब इथेच फसतो.

म्हणून योग्य वेग एकच असा नसतो. तेल महागलं की तो खाली येतो, भाडी चढली की वर जातो. शिवारातल्यांचा संशयही अगदीच चूक नाही. दर आठवड्याला फेरी द्यायची तर हळू चालताना आठ जहाजांऐवजी नऊदहा लागतात. २००८च्या अखेरीस व्यापार कोसळल्यावर रिकाम्या जहाजांना त्यातून काम मिळालं, हे खरंच आहे.

शिवारातला: जहाजवाल्याचे ७४० टन वाचले, पण त्या पाच दिवसांचं भाडं माझ्या मालाने भरलं त्याचं काय? गेल्या हंगामात एक कंटेनर उघडला तर देठ तपकिरी पडलेले. गिऱ्हाइकाने भाव पाडला. इंधनाची बचत झाली म्हणून माझ्या मालाचं भाडं एक रुपयाने कमी झालेलं नाही. तुमच्या गणितात माझा रकाना कुठे आहे?

भाडेचिठ्ठी: नाही, तो रकाना आमच्या कागदावर नसतो. एवढंच म्हणेन की १५ नॉटचं वेळापत्रक असेल तर वाटेत दोन दिवस गेले तरी १८ने धावून ते भरून काढता येतात. २०ने जाणाऱ्याच्या हातात तशी सवड नसते. तुम्हाला ठरलेल्या दिवशी येणारा माल हवा की लवकर येणारा?

डोलकाठी: पण ते १८ने धावणं फुकट नाही हं. त्या दिवसांत रोज १५ नॉटच्या पाऊणेदोनपट तेल जातं. वादळ आलं की घनाचं गणितही बिघडतं. समोरून लाटा असल्या की तेवढंच तेल जाळूनही वेग पडतो.

शिवारातला: दोन्ही हवं. ठरलेल्या दिवशी आणि देठ हिरवे.

उडाणटप्पू: मग विमानाने पाठवा.

शिवारातला: विमानाचं भाडं विचारून बघा, मग बोलू.