अनुभव धागा: रिकाम्या जागांच्या पत्रांचा साठा कसा केलात, आणि तो शिळा कसा होऊ दिला नाहीत?

पेटीवाली_नागपूर

आमचा छोटा गट नागपूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांना विज्ञानाच्या प्रयोगपेट्या महिनाभर वापरायला देतो. त्यासाठी तीन तऱ्हेच्या लोकांना सतत लिहावं लागतं. मुख्याध्यापक, बुटीबोरी-हिंगण्याच्या कंपन्यांत सीएसआर म्हणजे समाजकार्याचा निधी बघणारे, आणि शनिवारी येऊ शकणारे कॉलेजचे विद्यार्थी.

सध्या ज्याला पत्र पाठवायचं असेल तो मागचा मेल उघडतो, नाव बदलतो आणि पाठवतो. पत्रं निघतात, पण मूळ फॉरमॅट कुठला ते आता कोणालाच सांगता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत बसून, नाव-गावासारख्या जागा रिकाम्या ठेवलेल्या फॉरमॅटचा नीट साठा करायचा आहे. ज्यांनी असा साठा वर्षानुवर्षं चालवलाय त्यांनी सविस्तर लिहा. कोणत्या जागा रिकाम्या ठेवल्यात? आणि वर्षभराने त्याचं काय झालं?

देणगीविभाग

मी बरीच वर्षं रामदासपेठेतल्या एका संस्थेत देणग्यांचं काम बघते, म्हणून जरा लांब लिहिते.

मागचा मेल कॉपी करणं आधी थांबवा. त्यात मागच्या माणसासाठी लिहिलेलं एखादं वाक्य मधल्या परिच्छेदात राहून जातं. नाव आणि विषय सगळेच तपासतात, मधला परिच्छेद कोणी वाचत नाही.

साठा कोऱ्या कागदावर सुरू करू नका. सेंट फोल्डरमधली, ज्यांना उत्तर आलं अशी पाच-सहा पत्रं छापा आणि शेजारी शेजारी ठेवा. जे सगळ्यांत सारखं आहे तो तुमचा फॉरमॅट, जे बदलतं ती रिकामी जागा. आता त्या जागांकडे नीट बघा. त्या दोन जातींच्या निघतील.

एक भरायची जागा: नाव, पद, तालुका, शाळांची संख्या. ती यादीतून येते, कोणीही भरू शकतं. दुसरी लिहायची जागा: याच कंपनीला का लिहितोय? ती कुठल्याच यादीत नसते, दर वेळी माणसाने बसून लिहावी लागते. बहुतेकांच्या साठ्यात या दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून घाईत दुसरीतही काहीतरी गुळगुळीत भरलं जातं. आमच्याकडे खुणा वेगळ्या आहेत:

> माननीय @@नाव,
> ##लिहा: याच कंपनीला का? दोन वाक्यं, त्यांच्या सीएसआर अहवालातून##
> आम्ही @@तालुका तालुक्यातील @@शाळासंख्या शाळांमध्ये…

पाठवण्याआधी मेलमध्ये `@@` आणि `##` शोधायचं. एक जरी सापडलं तरी पत्र थांबतं. नुसत्या टिंबटिंबांच्या जागा डोळ्यांतून निसटतात आणि शोधताही येत नाहीत.

लिहायच्या जागेला उदाहरण देते. ज्या कंपन्यांना सीएसआर लागू आहे त्यांना संचालक मंडळाच्या अहवालाला सीएसआरचा वार्षिक अहवाल जोडावा लागतो, आणि मंजूर प्रकल्प वेबसाइटवरही द्यावे लागतात, वेबसाइट असेल तर. आमच्या नव्या मुलीने बुटीबोरीच्या एका कारखान्याचा अहवाल उघडला. शिक्षणावरचा खर्च सगळा वर्गखोल्या आणि बाकांवर झालेला होता. तिने लिहिलं, "आपण बांधून दिलेल्या वर्गखोल्यांमध्ये आता प्रयोग व्हावेत, यासाठी हे पत्र." हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही कंपनीला चालणार नाही, आणि त्या जागेची कसोटी तीच.

नंदनवन_क्लासेस

माझा अनुभव एसएमएसचा आहे, कामी येईल का पाहा. आम्ही पालकांना फी आणि परीक्षेचे मेसेज पाठवून राहिलो. तिथं फॉरमॅट आधी मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी पोर्टलवर नोंदवावा लागते, रिकाम्या जागी त्यांची ठरलेली खूण टाकावी लागते, आणि एका जागेत मोजकीच अक्षरं बसतात. पोराचं पूर्ण नाव नि बॅच एकाच जागेत टाकलं की मेसेज अडकतो. मग नावाला एक जागा, बॅचला दुसरी, असं तोडलं.

अन् मराठीत एसएमएस ७० अक्षरांचाच असतो, इंग्रजीत १६०. मराठी फॉरमॅट आखूडच ठेवा, नाहीतर एका मेसेजचे दोन-तीन धरले जातात. फॉरमॅटमधला एक शब्द बदलला तरी नवी मंजुरी लागते. म्हणून बदलणारं सगळं जागेत टाका, जेवढ्या जास्त जागा तेवढं बरं.

देणगीविभाग

एसएमएसला मंजुरीचा अडथळा आहे, तिथे तुमचं गणित समजतं. पत्रात मात्र जागा वाढल्या की भरणाऱ्याच्या चुका वाढतात. आमच्या एका पत्रात बारा-तेरा जागा झाल्या होत्या आणि स्वयंसेवक पुन्हा मागचा मेल कॉपी करायला लागले, कारण ते सोपं पडत होतं. आता पाच-सहाच्या वर जात नाही. त्याहून जास्त लागल्या तर ती दोन वेगळी पत्रं आहेत असं समजतो.

निवृत्त_मराठीशिक्षक

मला एक वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. मराठीत रिकाम्या जागेला विभक्ती चिकटते. "@@गावला येऊ" असा फॉरमॅट केला तर काटोलला, उमरेडला, कामठीला ठीक. पण हिंगणा आला की "हिंगणाला", मौदा आला की "मौदाला". हिंगण्याला, मौद्याला असं हवं. शाळेचंही तेच. "हायस्कूलमध्ये" चालतं, पण "विद्यालयमध्ये" वाचलं की मुख्याध्यापकाला कळतं, हे यंत्रानं भरलेलं पत्र आहे.

उपाय साधा आहे. जागेला प्रत्यय जोडूच नका, तिच्यापुढे स्वतंत्र शब्द ठेवा: "@@गाव येथे", "@@शाळा या शाळेत", "@@नाव यांना". क्रियापदाचंही बघा. "आपण मागच्या वर्षी आला होता" हे बाईंना पाठवलं तर विचित्र वाटतं. त्याऐवजी "आपली मागच्या वर्षीची भेट" असं लिहावं. फॉरमॅट तयार झाला की त्यात मुद्दाम हिंगणा, एखादं विद्यालय आणि एका मुख्याध्यापिकेचं नाव भरून मोठ्यानं वाचा. तिन्हीत पास झाला तरच साठ्यात जाऊ द्या.

पेटीवाली_नागपूर

सर, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आजच्या आज हिंगणा भरून बघते. आता शिळं होण्याबद्दल सांगा ना कोणी.

सीए_इतवारी

सोपं आहे. दर एप्रिलला सगळे फॉरमॅट काढून नव्याने लिहायचे. आर्थिक वर्ष बदलतं, तेव्हाच बाकी सगळंही बदलतं.

देणगीविभाग

एप्रिलला एकदा नजर टाकावी, हे बरोबर. पण सगळं नव्याने लिहिल्यावर चाललेलं पत्रही हातातून जातं, आणि जे मधेच शिळं होतं ते एप्रिलपर्यंत तसंच जात राहतं.

माझ्या अनुभवात पत्राची भाषा फारशी शिळी होत नाही, आतली माहिती होते. म्हणून माहिती पत्रातून बाहेर काढा. आमच्याकडे एकच शीट आहे. डावीकडे बाब, मधे आजची माहिती, उजवीकडे "कधीपर्यंत खरं" आणि "कोणाला विचारायचं". शाळांची संख्या, एका पेटीचा खर्च, देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या ८०जी नोंदणीचा क्रमांक, कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठीच्या सीएसआर-१ नोंदणीचा क्रमांक, सगळं तिथे. पत्रात फक्त `@@८०जी_क्रमांक`. माहिती एका जागी बदलली की पुढची सगळी पत्रं सुधारतात.

"कधीपर्यंत खरं" हा रकाना सगळ्यात कामाचा. पूर्वी ८०जी एकदा मिळालं की झालं. २०२१ मध्ये जुन्या संस्थांना नव्याने नोंदणी घ्यावी लागली आणि ती पाच वर्षांचीच मिळाली. आमच्यासारख्या बऱ्याच जणांची मुदत ३१ मार्च २०२६ होती आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या सहा महिने आधी करायचा होता. ही तारीख रकान्यात होती म्हणून वेळेत आठवली. पत्रात पुरलेली असती तर मुदत संपलेला क्रमांक छापत बसलो असतो.

सीए_इतवारी

मान्य. मग त्यात माझी भर घ्या. आमच्याकडे येणाऱ्या देणगीपत्रांत अजून लिहिलेलं असतं, "आपल्या देणगीवर आपणास करसवलत मिळेल." संस्थेचं ८०जी चालू असलं तरी हे वाक्य आता अनेकांसाठी खरं नाही. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जीची वजावट नाही. जुनी प्रणाली निवडणाऱ्यालाच ती मिळते. देणगीदार मार्चमध्ये आमच्याकडे येऊन भांडतो, संस्थेवरचा विश्वास जातो तो वेगळाच. "जुनी करप्रणाली निवडल्यास" एवढे शब्द घाला. शिवाय नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले, म्हणजे पत्रातलं "८०जी" हे नावही तुमच्या त्या शीटमध्ये टाका. कायदा बदलला की वाक्य तपासायचं, हे रकान्यात कसं बसवाल ते मला नाही सांगता येणार. तिथे तारीख आधी माहीत नसते.

देणगीविभाग

खरंय. अशा बाबींना आम्ही तारखेऐवजी "सीएंना विचारा, दर तिमाही" असं लिहितो. त्यातूनही काही निसटतं.

जिप_शिक्षिका_पारशिवनी

मी पत्रं घेणाऱ्या बाजूची आहे. पुण्या-मुंबईच्या संस्थांची पत्रं येतात, "१५ जूनला शाळा सुरू होताच उपक्रम घेऊ." विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, १५ जूनला आमच्या शाळेला कुलूप असतं. असं पत्र वाचलं की ते आपल्यासाठी लिहिलेलं नाही हे कळतं, मग पुढचं वाचायची इच्छा राहत नाही. शाळा उघडण्याची तारीख दर वर्षी परिपत्रकातून घ्या आणि तुमच्या शीटमध्ये टाका.

आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा शिक्षण विभागाला परवानगीची पत्रं पाठवू नका. सगळे तिकडेच गुंतलेले असतात, पत्र खाली दबून जातं. फॉरमॅटच्या डोक्यावरच लिहून ठेवा, कधी पाठवायचं नाही.

धरमपेठ_स्वयंसेवक

आम्ही प्रत्येक फॉरमॅटपुढे किती पाठवले नि किती उत्तरं आली ते लिहितो. मागे एक नवा फॉरमॅट आठ जणांना गेला, कोणाचंच उत्तर नाही, म्हणून काढून टाकला. नंतर कळलं, ती सगळी पत्रं दिवाळीच्या आठवड्यात गेली होती. आता निदान वीस-पंचवीस पाठवल्याशिवाय फॉरमॅट काढत नाही आणि पाठवल्याचा आठवडाही लिहितो. काढलेला फॉरमॅट पुसत नाही, "जुने" फोल्डरात टाकतो, कारण कोणाच्या तरी लॅपटॉपवर तो असतोच. तिथून परत आला तर ओळखू यावा लागतो.

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे प्रत्येक पत्र मराठी, हिंदी आणि इंग्रजीत आहे. हिंगण्याच्या बऱ्याच कंपन्यांना हिंदी-इंग्रजीच लागतं. मराठीत सुधारणा होते, बाकी दोन तशीच राहतात. तुम्ही कसं करता?

देणगीविभाग

आकडे आणि तारखा शीटमध्ये असल्याने त्या तिन्ही भाषांत एकदम बदलतात. वाक्यांचं मात्र आम्हालाही जमलेलं नाही. मराठी पत्र बदललं की बाकी दोन्हींवर लाल पट्टी येते, "जुळवायचं बाकी", आणि ती लाल पट्टी कधीकधी महिने महिने तशीच असते. इंग्रजी पत्र बंद करून फक्त हिंदी ठेवावं का, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.

निवृत्त_मराठीशिक्षक

हिंदीतही "@@गाव में" लिहिण्याआधी "हिंगणा" भरून बघा. तिथेही "हिंगणे में" होतं असं काही जण म्हणतात, काही जण नाही म्हणतात. इथल्या एखाद्या हिंदी शिक्षकाने सांगितलं तर बरं होईल.