मदत हवी आहे: तळ्यातली जलपर्णी काढली तरी पुन्हा भरते

बांधावरचा: आमच्या गावात (सातारा जिल्हा) देवळामागे एकरभराचं तळं आहे. गेल्या उन्हाळ्यात लोकवर्गणीतून जेसीबी लावून जलपर्णी काढली. पावसाळा सरला आणि दिवाळीपर्यंत तळं पुन्हा हिरवंगार. वरच्या आळीचं सांडपाणी गटारातून तळ्यातच येतं. यंदा पुन्हा पैसे गोळा करायचे आहेत, पण लोक विचारतात, "परत तेच होणार ना?" काय वेगळं करावं?

शिवारकर: दादा, एवढी मेहनत कशाला? तणनाशक मारा, पंधरा दिवसांत सगळं तपकिरी होतं. आमच्या पाटात मी स्वतः पाहिलंय.

जलमित्र_सांगली: तपकिरी होतं हे खरं. पण मेलेली जलपर्णी पाण्यात बुडून कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तरंगू लागतात. गुरं पाणी पीत असतील तर आणखी पंचाईत. वाहत्या पाटातलं उदाहरण साचलेल्या तळ्याला लागू होत नाही.

बांधावरचा, तळं पुन्हा भरण्याची दोन कारणं दिसतात. एक म्हणजे बी. ते गाळात पंधरा-वीस वर्षंही टिकतं. उन्हाळ्यात पाणी ओसरून काठचा गाळ उघडा पडला की ऊन लागून रुजतं. दुसरं, यंत्राने काढताना काठच्या लव्हाळ्यात चार-दोन रोपं राहतात. ऊब आणि सांडपाण्यातलं खत मिळालं की ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होतात. चार रोपांपासून हिशेब मांडून बघा, म्हणजे दिवाळीचं कोडं सुटेल.

बांधावरचा: म्हणजे जेसीबी नकोच का?

जलमित्र_सांगली: हवा, पण शेवटी. त्याचा हात काठापासून काही मीटरच पोहोचतो, मधली जलपर्णी तशीच राहते. ती आधी काठाशी आणावी लागते. रिकामे प्लास्टिक कॅन ओवलेला जाड दोर तळ्यावर आडवा टाका. दोन्ही टोकांना माणसं लावून, वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे ओढत आणा. थर फार घट्ट असेल तर बांबूला कोयता बांधून आधी चौकोनी तुकडे पाडा. एका दिवशी एकच पट्टा घ्या.

आणि वजनाचा अंदाज आधी करा. दाट वाढलेली जलपर्णी चौरस मीटरला साधारण पंचवीस किलो भरते. एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर, म्हणजे शंभर टन. ट्रॉलीत तीन टन धरले तर तीसच्या वर फेऱ्या. पण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. काठापासून थोडं दूर पसरून काही दिवस वाळवली की फेऱ्या खूप कमी होतात. काठालगत मात्र ढीग ठेवू नका, पहिल्या पावसात त्याचा रस पुन्हा तळ्यातच जाईल.

मंजिरी_प: माझ्या गच्चीवरच्या कमळाच्या टबात हिरवं शेवाळ येतं, तोच उपाय चालेल का?

जलमित्र_सांगली: ताई, टबात पाणी बदलता येतं, तळ्यात नाही 🙂 टबाला सावली करा, माशांना खाद्य कमी घाला.

पण शेवाळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जलपर्णी काढल्यावर तुमचंही तळं कदाचित हिरव्या सूपासारखं होईल. आतापर्यंत जलपर्णी खाऊन टाकत होती ते खत आता शेवाळाला मिळतं, शिवाय ऊनही थेट पडतं. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले तर प्राणवायू कमी पडतोय असं समजा. मोरचूद टाकण्याचा सल्ला कुणी देईल. मासे असलेल्या तळ्यात तो प्रयोग करू नका.

गावकरीण: आमच्याकडे सांडपाणी आधी शोषखड्ड्यांत वळवलं, मगच तळ्याला हात लावला. आता काठावर पोरं फिरून नवी रोपं हाताने उपटतात. फुलं यायच्या आत उपटायची, एवढाच नियम. तळं स्वच्छ आहे असं म्हणणार नाही, पण भरलेलंही नाही. काळ्या मातीत शोषखड्डे लवकर तुंबतात, हे मात्र लक्षात ठेवा.

शिवारकर: भुंगे सोडतात म्हणे त्याचं काय?

जलमित्र_सांगली: निओकेटिना भुंगेरे. १९८० च्या दशकात बंगळुरूत आणून सोडले होते. पानं खरवडून खातात, अळ्या देठ पोखरतात. पण परिणाम दिसायला काही वर्षं जातात, आणि त्यांचे कोष जलपर्णीच्या मुळांवर असतात. दर उन्हाळ्यात यंत्राने सगळं काढलंत तर भुंगेही गेले. म्हणून एकरभराच्या तळ्याला मी सुचवणार नाही.

गावकरीण: आमच्याकडे कुणी सोडले नव्हते, तरी पानांवर खरवडल्याच्या खुणा दिसतात. मला वाटतं त्यांचाही हातभार लागतोच.

बांधावरचा: समजलं. गटाराचं आधी बघतो, पण वरच्या आळीत शोषखड्ड्यासाठी कुणाच्याच अंगणात जागा नाही. आणि वाळलेल्या जलपर्णीचं खत शेतात घालावं का? गटारात एका गॅरेजचं पाणीही येतं.

जलमित्र_सांगली: गॅरेज असेल तर भाजीपाल्याला नको. झाडं पाण्यातले धातू शोषून घेतात. आधी थोडं खत तपासून घ्या, तोवर बांधावरच्या झाडांना घाला. जागेचं कोडं मलाही सुटलेलं नाही. आळीतून सामायिक नाली काढून तळ्याच्या वर एखादा मोठा खड्डा बसतो का, ते जागेवर उतार पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.