मदत हवी आहे: सोन्याच्या दुकानातली चोरी, क्लेम स्टॉक रजिस्टरवर अडलाय

शहाद्याचा_सराफ: आमची ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसी आहे. गेल्या महिन्यात चोरांनी मागची भिंत फोडून गॅस कटरने तिजोरी कापली. पहाटे वडिलांनी घाबरून फिर्यादीत अंदाजाने १,६५० ग्रॅम सांगितलं.
वहीचा हिशोब असा: १ एप्रिलची शिल्लक २,१४० ग्रॅम, खरेदी ८६०, विक्री १,१९०. म्हणजे १,८१० हवं. त्यातलं १८० कारागिराकडे घडवायला होतं, पंचनाम्यात दुकानात २३० सापडलं. गेलं ते १,४००. सर्व्हेअर म्हणतो, दोन आकडे कसे? शिवाय २१२ ग्रॅमचा एक ट्रे रात्री काउंटरच्या खणातच राहिला होता. तोही या १,४०० मध्येच आहे.

तापीकाठचा: भो, फिर्यादीत आकडा आला की झालं. कंपनीला तेवढे द्यावेच लागतात.

जुना_सर्व्हेअर: नाही हो. फिर्यादीवरून चोरी झाली एवढं कळतं, किती गेलं ते वहीवरून ठरतं. पोलिसांत पुरवणी जबाब द्या. कारागिराच्या १८० ग्रॅमची पावती जोडा, तारीख चोरीआधीची हवी. तरी १,६५० आणि १,४०० मध्ये २५० चा फरक आहे. १८० कारागिराचे, उरलेले ७० कुठले?
ट्रेबद्दल: दुकान बंद झाल्यावर तिजोरीबाहेर राहिलेला माल या पॉलिसीत सहसा वगळलेला असतो. तो वेगळा लिहा. लपवाल तर पंचनाम्यातला फुटलेला खण बोलेल, आणि मग तिजोरीतल्या १,१८८ वरही शंका येईल.
तिजोरीचं दार भंगारात देऊ नका! कापलेल्या कडेला वितळून गोठलेले लोखंडाचे थेंब असतात, त्याचे जवळून फोटो काढा. किल्लीने उघडली असा संशय आला की कंपनी हात वर करते.

चोपडा_बाजार: आमच्याकडे एका बाईने भर दुपारी बघायला दिलेल्या अंगठ्या बदलल्या. कंपनीने नाही म्हटलं. यांचंही तसंच होणार.

जुना_सर्व्हेअर: ती गोष्ट वेगळी. तुम्ही स्वतः गिऱ्हाइकाच्या हातात दिलेला माल होता. इथे भिंत फोडलीय.

शहाद्याचा_सराफ: ७० चा उलगडा झाला, काका. ती मोड आहे. लग्नसराईत गिऱ्हाइकांकडून घेतलेलं जुनं सोनं तिजोरीतच होतं, पण वडिलांनी त्यांच्या लाल डायरीत लिहिलं, रजिस्टरला चढवलंच नाही.

जुना_सर्व्हेअर: आता मागच्या तारखेने चढवू नका, शाई लगेच ओळखू येते. डायरी आहे तशी द्या. सही केलेल्या खरेदी पावत्या आहेत का?

शहाद्याचा_सराफ: तिघांच्या आहेत, ४१ ग्रॅमच्या. उरलेले २९ ग्रॅम एका ओळखीच्या घरचं होतं, पावती केली नाही. त्यांचा लेखी जबाब चालेल का?

जुना_सर्व्हेअर: पैसे रोख दिले की बँकेतून?

शहाद्याचा_सराफ: रोख.