रुजू होण्यापूर्वी भावी मॅनेजरना पाठवायचा संदेश: मसुद्याबाबत मदत हवी आहे

मुक्ता_लेखन:
नमस्कार. पुढील महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी एका नव्या कंपनीत डेटा अॅनालिस्ट म्हणून रुजू होणार आहे. ज्या बाई माझ्या मॅनेजर असतील, त्यांच्याशी मुलाखतीत एकदाच बोलणे झाले. त्या वेळी ग्राहक नोंदणी अर्धवट का सोडतात हे आकड्यांवरून कसे शोधाल, या प्रश्नावर आमची बराच वेळ चर्चा रंगली होती. या कामाविषयी मला मनापासून ओढ आहे आणि तसे त्यांना कळवून पहिल्या आठवड्याची तयारी विचारावी, असे वाटते. माझा मसुदा असा आहे:

"मॅडम, आपल्या टीममध्ये येण्यास मी अतिशय उत्सुक आहे. पहिल्या आठवड्यासाठी मी काय तयारी करावी, कोणती पुस्तके वाचावीत, कोणती साधने शिकावीत आणि आपल्या माझ्याकडून काय अपेक्षा आहेत, हे कृपया कळवावे."

हा संदेश योग्य आहे का? आणि तो केव्हा पाठवावा?

दिगंत:
अवश्य पाठवा. सोबत टीमचे जुने रिपोर्ट आणि डेटाबेसचा अॅक्सेसही आत्ताच मागून घ्या, म्हणजे पहिल्या दिवसापासून काम सुरू करता येईल. माझ्या पहिल्या आठवड्यातले बरेचसे दिवस अॅक्सेसची वाट पाहण्यातच गेले होते.

जुना_वाटसरू:
मी बरीच वर्षे टीम सांभाळतो आणि असे संदेश मला येत असतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या मसुद्यातील अडचण भाषेची नाही. त्यात चार प्रश्न आहेत आणि चारही इतके मोकळे आहेत की उत्तर द्यायचे तर मॅनेजरना बसून अभ्यासक्रमच आखावा लागेल. असा संदेश वाचून बरे वाटते, पण उत्तर "नंतर निवांत लिहू" म्हणून मागे पडते, किंवा "काही तयारी नको, आरामात या" एवढेच येते. त्याऐवजी आपण काय करणार आहात ते आधी सांगावे आणि ते बरोबर आहे का एवढेच विचारावे. एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न असला की उत्तर येते.

उत्साहाचेही तसेच. "अतिशय उत्सुक आहे" हे कोणीही लिहू शकतो; मुलाखतीतील नोंदणीचा प्रश्न मात्र फक्त आपणच लिहू शकता. तोच घ्यावा.

दिगंत यांचे निम्मे म्हणणे मला पटते. अॅक्सेस मिळण्यास वेळ लागतो, हे खरे आहे. परंतु रुजू होईपर्यंत आपण कंपनीचे कर्मचारी नसता. अंतर्गत रिपोर्ट मागितले तर गोपनीयतेमुळे त्यांना नकार द्यावा लागेल आणि सुरुवातच अवघडलेली होईल. अॅक्सेस मागू नये. त्याची विनंती नोंदवण्यासाठी आपल्याकडून काही माहिती हवी आहे का, हे विचारावे. त्याच कारणाने, जुन्या कंपनीतील फाइली तयारीसाठी सोबत नेण्याचा विचारही करू नये.

मी असे लिहिले असते:

"नमस्कार मॅडम, मी पुढील महिन्याच्या पहिल्या सोमवारी रुजू होत आहे. ग्राहक नोंदणी कोणत्या टप्प्यावर सोडतात यावरील आपली चर्चा माझ्या मनात अजून घोळते आहे आणि त्या कामात सहभागी होण्याची मी वाट पाहत आहे. तोवर एसक्यूएलमधील विंडो फंक्शन्सची उजळणी करण्याचा माझा विचार आहे. याऐवजी दुसरे काही अधिक उपयोगी ठरेल का? लॅपटॉप आणि अॅक्सेसची विनंती नोंदवण्यासाठी माझ्याकडून काही माहिती हवी असल्यास कृपया कळवावे."

साधारण आठ-दहा दिवस आधी पाठवावा. फार आधी पाठवल्यास पहिल्या आठवड्याचे नियोजन झालेले नसते, आणि आदल्या दिवशी पाठवल्यास उत्तराचा उपयोग होत नाही.

सायली_अ:
मूळ कागदपत्रे कोणती न्यायची, हे तर एचआर विचारल्यावर सांगतेच. मला शेवटच्या पगाराची स्लिप ऐन वेळी शोधावी लागली होती, म्हणून आधीच विचारून ठेवा.

मुक्ता_लेखन:
सायलीताई, आभार; कागदपत्रांची यादी एचआरकडून आली आहे, माझा प्रश्न मॅनेजरना लिहिण्यापुरता होता. जुना_वाटसरू, आपला मसुदा जवळजवळ तसाच घेते. विंडो फंक्शन्सऐवजी मात्र कोहॉर्ट विश्लेषण लिहिते, कारण मुलाखतीत माझे उत्तर तिथेच अपुरे राहिले, असे त्यांनी स्वतः सुचवले होते. दोन शंका उरतात. रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मला दोन दिवसांची रजा लागणार आहे. ती याच संदेशात लिहावी का? आणि उत्तर आले नाही तर?

जुना_वाटसरू:
कोहॉर्टचा बदल उत्तम. त्यांचे बोलणे आपण लक्षात ठेवले, हे त्यातून न सांगता कळते. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारू नये. कामाच्या गर्दीत असे संदेश राहून जातात, त्यात नाराजी नसते. रजेचे वेगळ्या संदेशात, पण रुजू होण्यापूर्वीच कळवावे.

दिगंत:
अॅक्सेसबाबत आपले म्हणणे मान्य. रजेबाबत मात्र मी सहमत नाही. दोन संदेश कशाला? शेवटी एक ओळ पुरेशी आहे. त्याच वेळी त्या पहिल्या आठवड्यांच्या बैठका ठरवत असतील, तर तारखा तिथेच दिसलेल्या बऱ्या.

जुना_वाटसरू:
तारखांचे कारण रास्त आहे. तरीही उत्साहाच्या संदेशाला रजेचे शेपूट जोडले की वाचणाऱ्याचे उत्तर रजेपुरतेच येते आणि तयारीचा प्रश्न बाजूला राहतो, असे मी पाहिले आहे. निर्णय मुक्ताताईंनी घ्यावा.