मदत हवी आहे: दुखापतीनंतर परतलेल्या जलतरणपटूच्या लेखात वेळा कशा द्यायच्या?

क्लबच्या वार्तापत्रात १५ वर्षांच्या मुलीवर ३०० शब्दांचा लेख द्यायचाय. खांद्याच्या दुखण्यामुळे आठ महिने स्पर्धा बंद होत्या, आता ती १०० मीटर बटरफ्लायमध्ये परतली आहे.

अडचण आकड्यांची आहे. दुखापतीआधीची तिची सर्वोत्तम वेळ १:१२.४, आताची १:१५.०. नुसतं एवढंच छापलं तर वाचणारा म्हणणार, पोरगी मागं पडली. पण जुनी वेळ २५ मीटरच्या तलावातली आहे आणि नवी ५० मीटरच्या. छोट्या तलावात १०० मीटरला तीन वळणं येतात, मोठ्यात एकच. प्रत्येक वळणाला भिंतीला पाय मारून वेग मिळतो, म्हणून छोट्या तलावातली वेळ साहजिकच कमी येते. हे दोन आकडे शेजारी ठेवणंच चूक.

त्यापेक्षा नव्या शर्यतीचे दोन टप्पे द्यावेत असं वाटतं: पहिले ५० मीटर ३४.८ सेकंदांत, दुसरे ४०.२ मध्ये. सुरुवातीचा वेग बरा आहे, शेवटी दम कमी पडतोय, हे त्यातून दिसतं. मात्र दम कमी पडण्याचं कारण खांदा की कमी झालेला सराव, हे प्रशिक्षकांना विचारल्याशिवाय लिहिणार नाही.

प्रश्न दोन आहेत. जे जलतरणपटूंचे पालक नाहीत अशा वाचकांना हे टप्पे कळतील, की चौकटीत वेगळे द्यावेत? आणि दुखापतीबद्दल किती लिहायचं? आई-वडिलांची लेखी परवानगी आहे, पण एमआरआयचा तपशील नको असं मुलीचंच म्हणणं आहे. शीर्षकात कोल्हापूरचेच ऑलिंपिक जलतरणपटू वीरधवल खाडेंशी तुलना करा, असाही आग्रह आहे. कोल्हापुरात तो होणारच, पण मी तो टाळतोय.