अख्खा घड हिरवा आलाय: निम्मा गुरुवारपर्यंत पिकवायचा, निम्मा टिकवायचा. कसं जमवू?

शेंगाचटणी (सोलापूर)
करमाळ्याहून मामेसासऱ्यांनी केळीचा अख्खा घड पाठवलाय. जी-नाईन आहे, वीस-बावीस किलो भरेल, सगळा हिरवागार. दिराचं लग्न झालं, येत्या गुरुवारी सत्यनारायण आहे. आज शनिवार. पूजेला आणि प्रसादाच्या शिऱ्याला मिळून पाच डझन एकसारखी पिवळी हवीत, बाकीची नंतर आठवडाभर पुरवून पुरवून खायची आहेत. घरात एसी नाही, कूलर आहे. फ्रिज लहान आणि गच्च भरलेला. शंभर-दोनशेच्या वर खर्च करायचा नाही. कार्बाईडचं कुणी सांगू नका.

होटगीरोडवाला
ताई, सरळ मोठा फ्रिज घ्या. आम्ही दिवाळीला डबल डोअर घेतला, खालच्या कप्प्यात चार डझन केळी आरामात बसतात. आमच्या सोसायटीत एवढा मोठा कुणाकडेच नाही.

शेंगाचटणी
दादा, दोनशे रुपयांत येतो का?

माळ्यावरची_आजी
आमच्या वेळी ज्वारीच्या कणगीत फण्या पुरून ठेवायचे, वर कडबा, वर पोतं. दोन रात्रींत पिवळीधमक. आता कणगी कुठली, तर पत्र्याच्या डब्यात घालून झाकण घट्ट लाव. वारा अजिबात लागता कामा नये बघ.

जुळेसोलापूरकर
मी देठाला प्लास्टिक गुंडाळतो, चिकटपट्टी लावून. दोन दिवस जास्त टिकतात. खात्रीचा उपाय, खर्च शून्य.

उजनीकाठ
टेंभुर्णीकडं पॅकहाऊसला आणि पिकवणीच्या चेंबरला काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे घड अख्खा ठेवू नका, फण्या सोडवा. घडाच्या वरच्या फण्या आधी धरलेल्या असतात, त्या जास्त भरतात आणि आधी पिकतात. खालच्या शेवटच्या दोन-तीन मागं राहतात. सगळ्या एका जागी ठेवल्या की वरच्या पिवळ्या झाल्यावर त्यांचा वायू खालच्यांना लागतो आणि मग सगळंच एकदम. एका फणीत सोळा-सतरा केळी धरली तर पाच डझनाला वरच्या चार फण्या पुरतात. केळ हातात घेऊन बघा: धारा बोथट होऊन गोल झालं असेल तर भरलेलं. धारा टोकदार असतील तर ते नीट पिकणार नाही, भाजीला घ्या. फण्या कापल्यावर चीक गळू द्या, धुवा, कोरड्या करा.

आता पिकवणी. दोन पुठ्ठ्याची खोकी घ्या, किराणा दुकानात फुकट मिळतील. तळाला वर्तमानपत्र, एका खोक्यात दोन फण्या, एकावर एक रचायच्या नाहीत. प्रत्येक खोक्यात ठिपके पडलेली दोन-तीन पिकी केळी टाका. वायू त्यांच्यातूनच येतो. उद्या सकाळी झाका. आजींचं कडब्याचं बरोबर आहे, पण डबा घट्ट बंद करू नका. केळी श्वास घेतात, आतली हवा संपली की पिकणं थांबतं आणि आंबूस वास येतो. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं झाकण उघडायचं. रंग हिरव्याचा पोपटी झाला की पिकी केळी काढा आणि खोकं उघडंच ठेवा, पुढं ती आपली आपण पिकतात. बुधवारी संध्याकाळी पिवळी आणि टोकं हिरवट असतील तर गुरुवारी सकाळी पूजेला बरोबर येतील.

उरलेल्या फण्या दुसऱ्या खोलीत, जमिनीपासून वर, दोरीला टांगून. पिकलेलं एकही फळ जवळ नको, आंबेसुद्धा नकोत.

जळगावचा_पाहुणा
सगळं ठीक, पण केळं खावं तर जळगावचं. करमाळ्याच्या केळीला ती गोडी नाही.

कंदरचा_गडी
पाव्हणं, कंदरातनं कंटेनर आखातात जातात, तिथं कुणी परत पाठवत नाय. चवीचं म्हणाल तर पिकवणाऱ्यावर हाय.

जळगावचा_पाहुणा
माल आमचाच बघून तुम्ही लागवड केली.

सिद्धेश्वरपेठ
केळीसाठी सांगते, खांब आणले की बादलीत पाण्यात उभे करा, पानांवर ओलं फडकं टाका. चौरंगाला बांधेपर्यंत टवटवीत राहतात. मंडईबाहेर जोडीने मिळतात, घासाघीस करा.

शेंगाचटणी
काकू, खांबांचं नव्हतं विचारलं, पण तेही लागणारच आहेत. थँक्यू.

बाळीवेशीचा
माझा अनुभव वेगळा. मे महिन्यात गाडीवाल्याकडून हिरवी घेतली, घरी ठेवली. चार दिवसांनी दाबली तर आत लोण्यासारखी, साल हिरवीच. काहीतरी औषध मारून फसवलं त्यानं. तेव्हापासून हिरवी घ्यायची नाहीत असं ठरवलंय.

उजनीकाठ
औषध असेलच असं नाही, ही उष्म्याची करामत असावी. तिशीच्या वर तापमान गेलं की गर पिकतो, पण सालीतला हिरवा रंग उतरतच नाही. चेंबर सोळा ते अठरा अंशांवर उगाच चालवत नाहीत. सोलापूरच्या बेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली किंवा गच्चीवर ठेवलं तर असंच होणार. शिवाय पिकताना केळी स्वतःही गरम होतात, म्हणूनच रचू नका म्हटलं. ताई, खोकी मधल्या खोलीत, दुपारभर कूलर चालू ठेवून. पण वारा थेट खोक्यावर नको. घरातली सर्वांत थंड फरशी शोधा.

होटगीरोडवाला
म्हणूनच म्हटलं, फ्रिज.

उजनीकाठ
हिरवी फ्रिजमध्ये घातली तर तेरा अंशांच्या खाली साल काळवंडते आणि नंतर बाहेर काढली तरी नीट पिकत नाहीत. पूर्ण पिवळी झालेली ठेवा खुशाल. साल काळी होईल, आत चांगली राहतील, पण ताटात मांडायला नकोत.

होटगीरोडवाला
आमच्या फ्रिजमध्ये नाही होत काळी.

जुळेसोलापूरकर
देठाच्या प्लास्टिकचं कुणीच काही बोललं नाही.

उजनीकाठ
वायू काही फक्त देठातनं येत नाही, सगळ्या सालीतनं येतो. कापलेला भाग सुकायचा राहील, बुरशी जरा कमी धरेल. दोन दिवसांचा फरक मी तरी पाहिलेला नाही.

जुळेसोलापूरकर
मी पाहिलाय.

माळ्यावरची_आजी
कणगीत असलं काही लागत नसे.

कंदरचा_गडी
ताई, टेंभुर्णीला ओळखीचं चेंबर हाय, चार फण्या टाकून देतो. एक दिवस गॅस, मग चार दिवसांत एकसारखी. गाडीभाडं तेवढं तुमचं.

शेंगाचटणी
सगळ्यांचे आभार. घरी बैठक झाली. सासूबाई म्हणाल्या, माहेरचा घड पूजेआधी कापायचा नाही, अख्खाच चौरंगाजवळ ठेवायचा, हिरवा असला तरी चालतो. त्यामुळे शिऱ्याला आणि ताटाला लागणारी पाच डझन बुधवारी लक्ष्मी मंडईतून पिकी आणणार. घड तोवर कूलरच्या खोलीत टांगतोय. शुक्रवारी उजनीकाठ दादांनी सांगितल्यासारख्या फण्या सोडवून वेगळ्या खोल्यांत ठेवीन आणि धारदार असतील त्यांची भाजी. बजेट मात्र ओलांडलंच.

उजनीकाठ
चालेल. फक्त मंडईतून आणलेली पिकी केळी घडाच्या खोलीत ठेवू नका. नाहीतर गुरुवारी रात्रीच फण्या सोडवायला बसावं लागेल.

बाळीवेशीचा
मंडईत घेताना देठ बघून घ्या. साल पिवळी, देठ हिरवागार आणि आत टणक असेल तर सोडून द्या.

जळगावचा_पाहुणा
आणि जळगावची आहेत का विचारा.